शेऱ्याचा रकाना

नांदेडच्या एका रंगकाम ठेकेदाराची माल-वही मला वाचायला मिळाली. लांबट, कापडी पाठीची, दुकानात मिळते तशी साधी वही. एका वेळी नांदेड, अहमदपूर आणि लातूर अशा तीन गावांत कामे चालणाऱ्या माणसाने आपला रंग, पुट्टी, प्राइमर कुठे किती गेला हे लक्षात राहावे म्हणून ती ठेवलेली. बहुतेक ठेकेदार अशी वही ठेवतात. मात्र तिच्यात आलेला माल असतो, दुकानदाराची उधारी असते आणि तिथेच ती थांबते. या वहीला उजव्या कडेला दोन रकाने जास्त आहेत : शिल्लक आणि शेरा. ही वही वाचण्याजोगी झाली आहे ती या दोन रकान्यांमुळे. इतकी नेमकी मराठी मी अलीकडे थोड्याच छापील पानांवर वाचली आहे.

डावीकडचे रकाने नेहमीचे आहेत. तारीख, साइट, माल, शेड नंबर, पॅक, नग. शेडच्या पुढे रंगाचे नावही आहे, कारण कारागीर नंबराने बोलत नाहीत; ते पिस्ता, मोतिया, विटकरी असेच म्हणतात. पण नुसत्या नावावर ठेकेदाराचा भरवसा नाही, आणि तो नसणेच योग्य. दोन दुकानांचे पिस्ते कधीच एक नसतात. नंबरानंतर तो रंगाचा प्रकारही लिहितो, कारण एकाच कंपनीचा एकच शेड नंबर महागड्या इमल्शनमध्ये आणि स्वस्त इमल्शनमध्ये काढला तर भिंतीवर दोन वेगळे रंग दिसतात. आतला बेस वेगळा, चमक वेगळी, त्यामुळे उजेड वेगळा परततो. नांदेडला घेतलेल्या बादलीचा जोड लातूरच्या काउंटरवरून फोनवर नंबर सांगून मागवला आणि प्रकार सांगायचा राहिला, तर भिंत फसते. म्हणून या वहीत नाव, नंबर आणि प्रकार या तीन गोष्टी एकमेकींना सोडून कुठेही येत नाहीत.

लातूरच्या वसतिगृहाचे पान मला सगळ्यांत आवडते. लातूरला शिकवणी वर्गांमुळे मुलांची वसतिगृहे पुष्कळ, आणि परीक्षा संपून नवी मुले येईपर्यंत जो थोडा अवकाश मिळतो त्यातच सगळ्यांना रंग हवा असतो. म्हणजे ऐन एप्रिल-मेमध्ये. खोल्या चोवीस, प्रत्येक दहा बाय बारा, उंची दहा फूट. चार भिंती मिळून ४४० चौरस फूट, त्यातून दार-खिडकीचे चाळीस वजा केले की ४००. चोवीस खोल्यांचे ९,६०० चौरस फूट. जुन्या रंगावर घासणी करून, जिथे खरडले तिथे पुट्टी-प्राइमर भरून, वर दोन हात मारायचे, तर एका लिटरमागे शंभर चौरस फूट धरायचे असा या ठेकेदाराचा स्वतःचा अंदाज आहे. डब्यावर छापलेला आकडा याहून मोठा असतो, पण तो गुळगुळीत भिंतीचा. तर ९६ लिटर. वीसच्या पाच बादल्या घेतल्या की शंभर झाले, काम भागले, असे कुणालाही वाटेल.

त्याने आधी तीनच बादल्या आणल्या. चौथ्या दिवशीचा शेरा असा आहे : ‘३ बादल्या, खोल्या १३ पुऱ्या, तीनेक लि. बाकी. वीसची वीस नाही.’

या शेवटच्या तीन शब्दांत रंगाच्या धंद्यातली एक मोठी गोष्ट आली आहे. तयार पांढऱ्या रंगाची बादली भरलेली येते. मशीनवर रंगवून घ्यायचा असतो तो बेस मात्र थोडा कमी भरलेला असतो, कारण वरून रंगद्रव्य घालून मशीनवर हलवायला जागा लागते. सगळे तिला वीसचीच बादली म्हणतात. बाजूला बारीक अक्षरांत छापलेले माप अठरा-साडेअठराच्या आसपास असते. गडद शेडला रंगद्रव्य जास्त जाते, म्हणून तूट थोडी भरून निघते. पिस्त्यासारख्या फिक्या शेडला ते नाममात्र जाते, म्हणून तूट तशीच राहते. साडेअठराच्या तीन बादल्या म्हणजे साडेपंचावन्न लिटर. तेरा खोल्यांना साडेबावन्न गेले, तीन उरले. हिशेब लिटराला लिटर जुळतो. पाच बादल्यांवर विसंबून राहिला असता तर तेविसाव्या खोलीत रंग संपला असता, आणि त्या वेळी घाईने आणलेला छोटा डबा दुसऱ्या दिवशीचा, कदाचित दुसऱ्या मशीनचा असता.

ही चूक त्याने निम्म्या वाटेवर, हातात वेळ असताना ओळखली. उरलेल्या अकरा खोल्यांसाठी त्याने दोन बादल्या आणि एक दहाचा डबा असा सगळा माल एकाच वेळी, एकाच मशीनवर काढून घेतला. पुढचा शेरा : ‘नवा माल पिंपात एकत्र केला. १४ वी खोली जुना-नवा मिळून. पुढे सगळा नवा.’ मशीन कितीही चांगले असले तरी दोन वेळा काढलेल्या रंगात केसभर फरक पडू शकतो. सुट्या डब्यावर तो दिसत नाही. एकाच भिंतीवर शेजारी शेजारी आला तर खिडकीतून तिरका उजेड पडताच दिसतो. म्हणून बादल्या मोठ्या पिंपात एकत्र ओतून घेतात, आणि जुन्या-नव्याची सीमा भिंतीच्या मध्यावर येऊ देत नाहीत. निदान कोपऱ्यावर आणतात. याने ती एका अख्ख्या खोलीत विरघळवली. तेराव्या आणि पंधराव्या खोलीत एकाच वेळी उभा राहणारा माणूस जगात नाही, तेव्हा फरक असलाच तर तो पाहायलाही कुणी नाही. ही युक्ती त्याने शोधली असे मी म्हणत नाही, जुने मिस्त्री ती जाणतात. पण ती वहीत उतरल्यामुळे लातूरच्या पोराला नांदेडहून फोनवर सांगता आली.

त्याच पानावर ‘पाणी’ असा एक बारीक रकाना नंतर पेनाने आखलेला आहे. टँकर की बोअर, एवढेच त्यात लिहिलेले. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने ज्या गावाला पाणी आणावे लागले, तिथे हा रकाना का लागतो हे सांगायला नको. आजचा रंग बहुतेक पाण्यात मिसळायचा असतो, पुट्टी पाण्यात कालवायची असते, रोलर पाण्यात धुवायचा असतो. रोलर धुवायला पाणी नसेल तर तो वाळतो, आणि वाळलेल्या रोलरची भुकटी पुढच्या खोलीच्या रंगात दाण्यांसारखी उतरते.

काम संपल्यावरची नोंद पाहा. शिल्लक किती हे बहुतेक ठिकाणी ‘थोडा’, ‘अर्धा डबा’ असे लिहितात. इथे लिहिले आहे : ‘वजन ७.२, बादली ०.६, रंग ६.६ कि. = ४.७ लि. पाणी नाही.’ भंगारवाल्याकडे असतो तसा हुकाचा काटा त्याने गोदामात टांगला आहे. या इमल्शनचे एक लिटर १ किलो ४०० ग्रॅमच्या आसपास भरते हे त्याने बंद डब्यावरून आधी काढून ठेवले आहे. पांढऱ्या, फिक्या रंगात भरणी जास्त म्हणून वजन जास्त. गडद बेस हलका. म्हणून प्रत्येक प्रकाराचे वजन वेगळे लिहिले आहे. आता सगळी बेरीज होते. पाच बादल्यांचे साडेब्याण्णव आणि दहाच्या डब्यातले सव्वानऊ मिळून १०१.७५ लिटर आले, ४.७ उरले, म्हणजे ९७ लिटर भिंतीवर गेले. लिटरमागे ९९ चौरस फूट. शंभरचा अंदाज खरा ठरला, आणि पुढच्या वसतिगृहाचा भाव सांगताना त्याला छातीवर हात ठेवून बोलता आले.

‘पाणी नाही’ हे दोन शब्दही मोलाचे. उरलेला रंग पाणी घातलेला आहे की मूळचा, यावर त्याचे आयुष्य ठरते. कंपनीने घातलेले परिरक्षक पातळ केल्यावर पुरत नाही. त्यातून गोदामाचे पाणी, न धुतलेला ब्रश असे काही पडलेले असते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात असा डबा काही दिवसांतच आंबतो, झाकण उघडताच नासल्याचा वास येतो. म्हणून त्याचा दंडक असा की ताटलीतला, पातळ केलेला रंग परत डब्यात ओतायचा नाही. तो त्याच संध्याकाळी जिन्याखाली, मीटरच्या खोलीत, जिथे कुणी पाहत नाही तिथे संपवायचा. ४.७ लिटरपैकी एक लिटर वसतिगृहाच्या रेक्टरांकडे दिला, बाकीचा लहान डब्यात काठोकाठ भरून ठेवला. मोठ्या बादलीत तळाशी थोडा रंग ठेवला की वर हवाच हवा. कडा सुकतात, साय धरते, तिचे तुकडे पुढे भिंतीवर येतात.

त्या एका लिटरची पुढची नोंद दिवाळीनंतर भेटते. नवव्या खोलीत नळाजवळ ओल आली, पापुद्रे सुटले. ओल बंद केली, भिंत वाळवली आणि मग पूर्ण भिंत रंगवली, नुसते ठिगळ लावले नाही. बारा फूट बाय दहा फूट भिंतीला सव्वा लिटर लागला. त्यातला एक रेक्टरांकडचा, उरलेला गोदामातून गेला. रंग तोच असला तरी सहा महिन्यांत भिंतीवरचा रंग धूळ, धूर आणि उजेडाने बदललेला असतो. मधोमध ठिगळ लावले की ते कायम दिसते. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक भिंत केली की डोळा तो फरक सावलीचा समजतो. शिल्लक ठेवताना म्हणूनच ‘एका भिंतीपुरता’ हेच माप धरावे लागते. त्याहून कमी ठेवला तर तो नसल्यासारखाच.

आता विटकरीची गोष्ट. नांदेडला तरोडा नाक्याकडच्या एका बंगल्याला बाहेरून गडद विटकरी रंगाचे पट्टे द्यायचे होते. बाहेरच्या रंगाचे दोन हात म्हणजे लिटरमागे पन्नास चौरस फूट. ९०० चौरस फुटांना अठरा लिटर, एक बादली पुरली. कंपाउंडसाठी दहाचा डबा वेगळा काढून आणला आणि त्याच संध्याकाळी घरच्या ताईंनी कंपाउंडला राखाडी सांगितला. एकदा मशीनवर रंग चढला की दुकानदार डबा परत घेत नाही, घेऊ शकतही नाही. तो रंग त्या एका गिऱ्हाइकाचा झालेला असतो. शेरा : ‘बंद डबा, ९ लि. मालकांनी पैसे दिले, डबा नको म्हणाल्या. मे.’

इथून सहा महिने या डब्याचे नाव प्रत्येक महिन्याच्या शेवटी येते. गडद शिल्लक रंगाची अडचण अशी की तो कशातही मिसळता येत नाही. पांढरा ओतून फिका करू म्हटले तर विटकरीचा गुलाबी होतो, तोही परत न जमणारा. बाहेरचा म्हणून घरात वापरावा तर त्यात बुरशी रोखणारी द्रव्ये असतात. झोपायच्या खोलीत ते नको. उलट, घरातला उरलेला रंग बाहेर लावला तर पहिल्या दोन उन्हाळ्यांत पिठासारखा हाताला लागतो. म्हणजे या डब्याला बाहेरचीच, गडद चालेल अशी आणि नऊ लिटरमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण होईल अशी जागा हवी. तो विकायची घाई करत नाही, फेकतही नाही. दर महिन्याला ओळ लिहितो आणि वाट पाहतो. मे महिन्यात ‘पत्र्याखालून हलवला, आतल्या खोलीत फळीवर.’ नांदेडचा मे पत्र्याच्या शेडमध्ये बंद डब्याचेही हाल करतो.

ऑक्टोबरात अहमदपूरच्या एका शाळेचे काम निघाले. आपल्याकडे शाळेच्या बाहेरच्या भिंतींना खाली तीन फूट गडद पट्टा देतात, पावसाचा चिखल आणि मुलांच्या पायांचे डाग झाकायला. पट्ट्याची लांबी दीडशे फूट. ४५० चौरस फुटांना नऊ लिटर. हा आकडा जुळलेला वाचताना मला जो आनंद झाला तो एखादी ओवी नेमक्या जागी संपते तेव्हा होतो. पण त्याने डबा थेट नेला नाही. आधी झाकण काढून वास घेतला. काठी तळापर्यंत घालून खाली बसलेला रंग मऊ आहे की दगड झाला ते पाहिले. हलवून पातळ कापडातून गाळला. शाळेच्या मागच्या भिंतीवर वीतभर लावून रात्रभर वाळू दिला. शेरा : ‘ठीक. साय नाही. हेडमास्तरांना सांगून दिला, जुना, निम्मा दर.’ बिलातही तसेच लिहिले. शिल्लक रंग नव्याच्या भावात घालणे या धंद्यात अवघड नाही, कारण वाळलेल्या भिंतीवर कुणाला ते ओळखता येत नाही. वहीने त्याला तो मोह टाळायला मदत केली असावी; डब्याची मे महिन्यापासूनची सगळी हकीकत त्याच्याच अक्षरात लिहिलेली होती.

ही पाने सलग वाचल्यावर एक गोष्ट हळूहळू ध्यानात येते. छताला सगळीकडे एकच पांढरा. लोखंडी ग्रिल आणि गेटला सगळीकडे एकच राखाडी, ६३१ नंबरचा. हा नंबर कुठल्या कंपनीचा नाही. भारतीय मानक ‘आयएस ५’ मध्ये ऑईलपेंटच्या छटांना दिलेले हे आकडे आहेत. ६३१ म्हणजे फिका राखाडी, ५३७ म्हणजे सिग्नलचा लाल, ५३८ टपालपेटीचा लाल. सगळे रंग गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडले असते तर प्रत्येक साइटवर पाच-सहा डबे उरले असते. याने मर्जी फक्त भिंतींपुरती ठेवली. पांढरा आणि ६३१ यांची शिल्लक त्याच्या वहीत शिल्लक म्हणून येतच नाही, ती पुढच्या साइटची आवक होते. गिऱ्हाइकावर त्याने जबरदस्ती केली असेही नाही. वसतिगृहाच्या मालकांना निळे ग्रिल हवे होते तिथे निळेच दिले आहे, आणि उरलेला पाव लिटर निळा त्यांनाच ठेवून घ्यायला लावला आहे.

ऑईलपेंटच्या पानावर लाल शाईत एक सूचना आहे : ‘तारीख नसलेले जुने डबे शाळा-वसतिगृहाला नाही.’ घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दर दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा केंद्राचा नियम २०१६ मध्ये निघाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यात काय असेल हे बाहेरून कळत नाही. लहान मुलांची बोटे दारांच्या कडांवरून फिरतात आणि तोंडात जातात. वाचवलेल्या मालाचे एरवी इतके कौतुक असलेल्या माणसाने इथे पाच डबे भिंतीआड बाजूला ठेवले आहेत, आणि त्यांची किंमत शून्य लिहिली आहे.

वहीत उणे नाही असे नाही. एक मोठी गळती तिच्यात पकडलेली नाही. रंगाच्या बादलीत कारागिरासाठी टोकन असते, त्याचे त्याला पैसे मिळतात. आता काही ठिकाणी त्याऐवजी स्कॅन करायचा कोड असतो. त्यामुळे जुनी बादली अर्धी असतानाही नवी उघडण्याकडे हात वळतो. कारागिराला दोष देण्यात अर्थ नाही, दिवसाच्या मजुरीवर तेवढीच वरकमाई असते. पण वहीत ‘नवी केव्हा उघडली’ हा रकाना नाही, आणि नांदेडच्या दोन साइटवर एकाच शेडच्या दोन-दोन अर्ध्या बादल्या एकाच दिवशी परत आलेल्या दिसतात. मी हे दाखवले तेव्हा ठेकेदार म्हणाला, “सर, टोकन त्याचंच आहे. आता बादली फोडायच्या आधी फोन करा म्हणून सांगतो.” टोकन आल्या दिवशी काढून कारागिराच्या नावावर जमा करावे आणि बादली मात्र जुनी संपल्यावर उघडावी, हा मार्ग मला जास्त सरळ वाटतो. पुट्टीची पानेही कच्ची आहेत. चाळीस किलोच्या फोडलेल्या गोणीने पावसाळ्यातली दमट हवा ओढली की आत खडे बनतात आणि ती गोणी गेलीच. तरी जुलैच्या पानावर ‘अर्धी गोणी ३’ अशी ओळ ऑगस्टमध्ये तशीच उतरवली आहे. ऑगस्टमधली ती अर्धी गोणी माल म्हणून धरायला नको होती.

रंग बनवणाऱ्या कंपन्यांनी आपला हिशेब केव्हाच यंत्राकडे दिला. मुंबईत १९४२ साली सुरू झालेल्या एशियन पेंट्सने १९७० मध्येच संगणक घेतला, आणि कोणत्या गावात कोणता डबा किती खपेल याचा अदमास बांधायला सुरुवात केली. कारखान्यापासून लातूरच्या काउंटरपर्यंत प्रत्येक डबा मोजलेला असतो. काउंटरवरून टेम्पोत चढला की त्याची मोजणी संपते. पुढे तो कुठल्या भिंतीवर गेला, किती उरला, कोणत्या जिन्याखाली वाळून दगड झाला, हे फक्त अशा वहीतच सापडते.

तुमच्या घरी रंगकाम झाले असेल तर कारागीर निघण्याआधी प्रत्येक खोलीच्या रंगाचा, पाणी न घातलेला, एका भिंतीपुरता रंग मागून घ्या. तो लहान डब्यात काठोकाठ भरून घ्या आणि डब्यावर त्याच रंगाचा एक पट्टा ओढून वाळू द्या, कारण ओला रंग खरी छटा दाखवत नाही. डब्याच्या अंगावर कंपनी, प्रकार, शेड नंबर, दुकान, तारीख आणि खोलीचे नाव लिहा. झाकणावर लिहू नका, झाकणे बदलतात.